शेवटी कोण पोचणार, ते पोस्टरवर लिहा

गावात किंवा वॉर्डात दौड ठरली की पोस्टरवर हमखास एक ओळ येते, 'सर्वांसाठी खुली'. ओळ खोटी नसते, पण ती वाचून हळू चालणारी बाई घराबाहेर पडत नाही. कोणी अडवेल, ही तिची भीती नसतेच. आपण पोचेपर्यंत कमान उतरवून खुर्च्या उचलल्या असल्या तर, हा तिचा प्रश्न असतो.

त्याचं उत्तर आधी हिशोबाने काढावं लागतं. सावकाश चालणारी बाई तासाला चार किलोमीटर जाते, म्हणजे पाच किलोमीटरला सव्वा तास. गुडघा धरून चालणारी तासाला तीनच गेली, तर एक तास चाळीस मिनिटं. ती ६.४० ला निघाली की ८.२० ला पोचणार. म्हणून 'कमान साडेआठपर्यंत' असं लिहायचं. मात्र रस्ता तोवर वापरायची पोलिसांची परवानगी हातात आल्याशिवाय छापायचं नाही. परवानगी आठपर्यंतचीच मिळाली, तर चालणाऱ्यांचं अंतर तीन किलोमीटर करा. वेळ कमी करून त्यांना पळवू नका.

दुसरी गोष्ट मागे राहण्याची. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २००४ साली सुरू झालेल्या पार्करनमध्ये सगळ्यांच्या मागे चालायला एक स्वयंसेवक नेमतात. शेवटचा नंबर त्याचा! आपणही एक स्वयंसेविका नेमू शकतो. पण ती असल्याचं पोस्टरवर लिहिलं नाही, तर घाबरणारीला ते कळणार कसं?

आता मजकूर असा होईल :

'धावत या, चालत या. ५ किलोमीटर.
धावणाऱ्या ६.३० ला निघतील, चालणाऱ्या ६.४० ला.
कमान आणि पाणी साडेआठपर्यंत.
सगळ्यांच्या मागे आमची स्वयंसेविका चालेल.
साडी, सलवार, जे सोयीचं ते. वेळेची नोंद हवी असेल तरच.'

रोज धावणाऱ्या बायकांनाही यात हवं ते सापडतं : अंतर, सुटायची वेळ आणि नोंद. दहा मिनिटांच्या फरकामुळे त्यांना सुरुवातीलाच गर्दीतून वाट काढावी लागत नाही आणि चालणाऱ्यांना मागून धक्का बसत नाही.

एका अक्षराकडे मात्र लक्ष ठेवा. 'चालणाऱ्यांनाही प्रवेश' यातला 'ही' काढून टाका. त्या एका 'ही'मुळे चालणारी पाहुणी ठरते, तीही आगंतुक. चित्राचंही तसंच. मजकूर कितीही चांगला असला, तरी वर फीत तोडणाऱ्या धावपटूचा फोटो असेल, तर बाई फोटोवरच विश्वास ठेवते. गेल्या वर्षीचा चालणाऱ्यांचा फोटो असेल तर तो लावा, त्यातल्या बायकांना विचारून. नसेल तर नुसती अक्षरं मोठी करा, चष्मा नसतानाही वाचता येतील एवढी.