आधी कोरम, मग स्वागत

आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, म्हणून महाराष्ट्रातल्या बहुतेक गृहनिर्माण संस्थांचे सचिव सप्टेंबरात स्वागताचं भाषण लिहायला बसतात. भाषण लिहिण्यापेक्षा ते कधी सुरू करायचं हे ठरवणं अवघड. उदाहरणार्थ, साठ सभासदांची सोसायटी. आदर्श उपविधींप्रमाणे एकूण सभासदांपैकी दोन-तृतीयांश किंवा वीस, यांतला कमी आकडा म्हणजे कोरम, इथे वीस. दहा वाजता चौदाच सही करून बसलेत आणि प्रमुख पाहुणे आलेत. त्यांना खुर्ची द्यावी, चहा द्यावा, पण मोजणीत धरू नये. ते सभासद नाहीत, त्यांना मतही नाही. अर्ध्या तासात कोरम झाला नाही, तर अध्यक्ष सभा तहकूब करतात. नोटिशीत वेळ दिली असेल तर तहकूब सभा त्याच दिवशी भरते आणि तिला कोरम लागत नाही. स्वागत तेव्हाच करावं.

ते असं: “अध्यक्ष महोदय, आपले प्रमुख पाहुणे आणि सभासद बंधू-भगिनींनो, नमस्कार. पाहुणे अग्निशमन दलात होते. आपल्या जिन्यांबद्दल ते दहा मिनिटं बोलतील. मग विषयपत्रिकेनुसार काम सुरू करू.”

एवढं पुरे. पाहुण्यांचा परिचय कामापुरता असावा. लिफ्ट दुरुस्तीचा हिशेब किंवा थकबाकीदारांना टोमणा स्वागतात आला, की सभागृहातून पहिला प्रश्न उठतो आणि पाहुणे संकोचून बसून राहतात. तो विषय अहवालात आहेच.