मोजमापांचे वाचन : गॅस मीटरचे छायाचित्र आणि ‘किती वापरला?’ हा प्रश्न

मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत वाहिनीतून घरात येणाऱ्या नैसर्गिक वायूचे, म्हणजे बोलीभाषेतील ‘पाइप गॅस’चे, मीटर बहुधा स्वयंपाकघराच्या गॅलरीत किंवा ओट्याखालच्या कपाटात असते. रीडिंग घेणारा येतो तेव्हा घर बंद असल्यास ग्राहकाने मीटरचे छायाचित्र काढून पाठवण्याची सोय आता असते, आणि तेच छायाचित्र घरातील जाणत्या माणसापुढे किंवा सोसायटीच्या कार्यालयात ठेवून बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : गॅस किती वापरला? प्रश्न साधा दिसत असला तरी छायाचित्रात त्याचे उत्तर नसते. मीटर बसवल्यापासून त्यातून एकूण किती वायू गेला एवढेच ते सांगते, आणि वापर म्हणजे अशा दोन एकुणांमधील फरक असल्यामुळे उत्तर देणाऱ्याला वजाबाकीतील दुसरी संख्या छायाचित्राबाहेरून मिळवावी लागते.

प्रथम छायाचित्रातील कोणता आकडा म्हणजे रीडिंग हे ठरवावे लागते, कारण मीटरच्या दर्शनी पट्टीवर संख्यांची दाटी असते. बारकोडजवळचा लांबलचक क्रमांक हा मीटरचा अनुक्रमांक असतो. त्याचा वापराशी संबंध नसला तरी मागच्या बिलावर छापलेल्या मीटर क्रमांकाशी तो जुळतो की नाही हे पाहणे आवश्यक असते, कारण एकाच कोनाड्यात दोन घरांची मीटरे असली तर शेजाऱ्याच्या मीटरचे छायाचित्र सहज निघते. ‘जी १.६’ हा मीटरच्या आकाराचा संकेत असतो, चार आकडी साल हे निर्मितीचे वर्ष असते (जोडणीचे नव्हे), आणि २.५ व ०.०१६ या संख्या ताशी किती घनमीटरांच्या कमाल व किमान प्रवाहापर्यंत मीटरचे मोजमाप विश्वासार्ह आहे ते सांगतात. खरे रीडिंग काचेमागच्या फिरत्या चकत्यांवर असते. त्यातील डावीकडचे काळे आकडे पूर्ण घनमीटर दाखवतात आणि लाल चौकटीतील शेवटचे तीन आकडे घनमीटराचे हजारावे भाग, म्हणजेच लिटर, दाखवतात. बिलावरचे युनिट म्हणजे घनमीटर. त्यामुळे बिलासाठी फक्त काळे आकडे घेतले जातात.

एक कल्पित पण नेहमीच्या स्वरूपाचे उदाहरण पाहता येईल. ९ मे २०२४ रोजी काढलेल्या छायाचित्रात काळे आकडे ०१२८४ आणि लाल आकडे ६३७ आहेत, आणि मागच्या बिलावर १२ मार्चचे रीडिंग १२६३ असे नोंदलेले आहे. काळ्या आकड्यांची वजाबाकी २१ येते आणि दोन तारखांमध्ये ५८ दिवसांचे अंतर आहे, म्हणून २१ युनिट हे उत्तर बिलापुरते बरोबर ठरते. मात्र छायाचित्रात लाल आकडे दिसतात म्हणून १२८४.६३७ मधून १२६३ वजा करून २१.६३७ असे तीन दशांश स्थळांपर्यंतचे उत्तर देणे हा अचूकतेचा भास आहे, कारण मागच्या वेळी लाल आकडे नोंदलेच गेले नव्हते आणि तेव्हाचे खरे रीडिंग १२६३.००० पासून १२६३.९९९ पर्यंत कुठेही असू शकत होते. खरा वापर त्यामुळे २०.६४ आणि २१.६४ यांच्या दरम्यान कुठेतरी आहे, एवढेच म्हणता येते. सुटलेला अंश हरवत नाही. तो पुढच्या वजाबाकीत आपोआप मोजला जातो, आणि म्हणून या एका युनिटाच्या अनिश्चिततेवरून वितरकाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

छायाचित्रावरून आकडा वाचताना खरा घोळ होतो तो दोन अंकांच्या मध्ये अडकलेल्या चकतीमुळे. या मोजणीयंत्राची रचना अशी असते की सर्वांत उजवीकडची चकती सतत सरकत राहते, पण बाकीची प्रत्येक चकती तिच्या उजवीकडची चकती ९ वरून ० कडे वळत असतानाच एक घर पुढे जाते. यावरून दोन गोष्टी निघतात. मधल्या स्थितीतील चकतीचा लहान, म्हणजे मागे टाकला जात असलेला, अंक घ्यायचा असतो, आणि ९ व ० यांच्या मध्ये असेल तर ९ घ्यायचा असतो. दुसरी गोष्ट अधिक उपयोगाची आहे : एखादी आतली चकती अर्धवट वळलेली दिसत असेल तर तिच्या उजवीकडच्या सगळ्या चकत्या ९ वरून ० कडे जात असल्याच पाहिजेत. दहं स्थानची चकती ८ आणि ९ यांच्या मध्ये दिसते आहे पण एकं स्थानी ४ स्वस्थ बसला आहे, असे चित्र निरोगी मीटरमध्ये जवळजवळ असंभव असते. तेव्हा एकतर फ्लॅशचा चकाकता डाग अंकावर पडलेला असतो, किंवा कॅमेरा तिरका धरल्याने चौकटीची कड अंकावर आलेली असते, किंवा मोजणीयंत्रात बिघाड असतो. अशा वेळी तर्क लढवण्यापेक्षा फ्लॅश बंद करून, बाजूने टॉर्च धरून आणि कॅमेरा आकड्यांच्या अगदी समोर ठेवून दुसरे छायाचित्र मागणे हाच शहाणपणा आहे.

वाचलेला आकडा शक्य आहे का, हे मीटरवरच्याच संख्यांनी तपासता येते. लाल चौकट लक्षात न आल्यामुळे कोणी सगळे आकडे एकत्र वाचले तर रीडिंग १२,८४,६३७ होते आणि फरक पावणेतेरा लाखांच्या वर जातो. पण ताशी अडीच घनमीटर हा कमाल प्रवाह रात्रंदिवस ५८ दिवस चालू ठेवला तरी ३,४८० घनमीटरांपलीकडे वापर होऊ शकत नाही. दहं स्थानचा ८ धूसर छायाचित्रात ३ वाटला तर रीडिंग १२३४, म्हणजे मागच्यापेक्षा कमी, होते आणि चूक स्वतःहून उघडी पडते. सर्वांत फसवी चूक ८ ऐवजी ९ वाचण्याची असते, कारण तेव्हा वापर ३१ युनिट येतो, आणि पाहुण्यांनी भरलेल्या घरात तो अगदीच अशक्य नसतो. ती पकडण्यासाठी त्याच घराची आधीची दोन-तीन बिले लागतात, किंवा आठवड्याने काढलेले आणखी एक छायाचित्र लागते, ज्यात आकडा १२९४ च्या पुढे न जाता १२८७ च्या आसपास दिसतो.

मागचे बिल हाताशी असले तरी त्यावरचे ‘मागील रीडिंग’ खरोखर मीटरवरून घेतलेले होते का, हे पाहावे लागते. घर बंद असल्यास वितरक पूर्वीच्या वापरावरून अंदाजित बिल काढतो, आणि तसे बिलावर नोंदलेले असते. वरच्या उदाहरणातील १२६३ हा आकडा अंदाजाने लिहिलेला असेल आणि त्याआधीचे प्रत्यक्ष रीडिंग १२ जानेवारीचे १२३८ असेल, तर २१ हे उत्तर निरर्थक ठरते. खरी वजाबाकी १२८४ उणे १२३८, म्हणजे ११८ दिवसांत ४६ युनिट, अशी होते आणि रोजची सरासरी ०.३९ येते. शेवटच्या ५८ दिवसांच्या वाट्याला त्या सरासरीने सुमारे २२.६ युनिट येतात. तो अर्थात हिशेबाने वाटून दिलेला भाग आहे, मोजलेला नव्हे, आणि उत्तर देताना ‘अंदाजे’ हा शब्द येथे गाळता येत नाही.

मागचा कोणताच आकडा मिळत नसेल आणि केवळ एक छायाचित्र असेल, तर जोडणीची तारीख विचारणे हा शेवटचा उपाय उरतो. जोडणी मे २०१६ मधील असेल आणि तेव्हापासून मीटर बदललेले नसेल, तर १२८४ घनमीटर आठ वर्षांत, म्हणजे २,९२२ दिवसांत, गेले आणि रोजची सरासरी ०.४४ झाली. तिला ५८ ने गुणल्यास साडेपंचवीस युनिट येतात, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा चार-पाच युनिट जास्त. मधल्या आठ वर्षांत घरातील माणसे कमी झाली असतील किंवा विजेची शेगडी आली असेल, आणि दीर्घ सरासरीत हे बदल बुजून जातात. एका छायाचित्रावरून घराची जुनी सवय कळते, चालू बिल कळत नाही.

याउलट ज्या लाल आकड्यांकडे बिल दुर्लक्ष करते, ते अल्प काळाच्या मोजणीला फार उपयोगी पडतात. फक्त मोठा बर्नर पूर्ण ज्योतीवर ठेवून दहा मिनिटांच्या अंतराने दोन छायाचित्रे काढली आणि लाल आकडे ६३७ वरून ६७४ वर गेले, तर ३७ लिटर वायू जळाला, म्हणजे ताशी सुमारे ०.२२ घनमीटर. त्या घरातील ५८ दिवसांत २१ युनिट, म्हणजे ०.३६ घनमीटर, हा रोजचा वापर अशा ज्योतीच्या दिवसाकाठी एक तास चाळीस मिनिटांइतका होतो, आणि दोन वेळच्या स्वयंपाकाशी तो पटतो. आकडा आणि चूल यांची अशी गाठ घातली की वजाबाकी बरोबर असल्याची खात्री जितकी पटते तितकी दुसऱ्या कशानेही पटत नाही.

येथे मीटर नेमके काय मोजते हेही सांगावे लागते. घरगुती मीटरच्या आत लवचीक पडद्यांचे कप्पे आळीपाळीने भरतात आणि रिकामे होतात, आणि पट्टीवरील ‘व्ही’ या अक्षरापुढची १.२ घन डेसिमीटर ही संख्या एका पूर्ण आवर्तनात १.२ लिटर वायू पुढे जातो असे सांगते. मीटर आकारमान मोजते, उष्णता किंवा वजन नव्हे. बिलावरील ‘एससीएम’ म्हणजे प्रमाण घनमीटर हा मात्र १५ अंश सेल्सिअस तापमान आणि एक वातावरण दाब या स्थितीतला मानलेला असतो. मुंबईत ३० अंशांना वायू प्रसरण पावलेला असतो आणि घरगुती वाहिनीतील सुमारे २१ मिलीबारचा जादा दाब त्याला किंचित आवळतो. दोन्ही परिणाम एकत्र धरले तर मीटरवरचा एक घनमीटर म्हणजे सुमारे ०.९७ प्रमाण घनमीटर होतो. २१ युनिटांच्या हिशेबात हा फरक जेमतेम ०.६ युनिटाचा, म्हणजे लाल आकडे न नोंदल्यामुळे आलेल्या अनिश्चिततेपेक्षाही लहान, असल्याने ‘किती वापरला?’ याचे उत्तर देताना तो सोडून देण्यास हरकत नाही.

वापर अचानक दुप्पट दिसला आणि वाचनात चूक सापडली नाही, तर सर्व बटणे बंद ठेवून तासाभराच्या अंतराने पुन्हा दोन छायाचित्रे काढावीत. लाल आकडे पुढे सरकले तर कुठेतरी वायू जात आहे. ते सरकले नाहीत तर गळती नाही असे मात्र सिद्ध होत नाही, कारण ताशी १६ लिटरांखालचा प्रवाह या मीटरच्या खात्रीच्या मर्यादेबाहेर असतो आणि अगदी बारीक गळती नोंदली न जाण्याची शक्यता राहते. वास येत असेल तर छायाचित्रांच्या भानगडीत न पडता, विजेचे कोणतेही बटण न दाबता मीटरजवळचा झडप-खटका बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर जाऊन बिलावर छापलेल्या आपत्कालीन क्रमांकावर दूरध्वनी करावा.