'Already logged in' आलं? आधी हिस्टरी साफ करू नका!



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. महिन्याची 20 तारीख, म्हणजे जीएसटीआर-3बी भरायचा शेवटचा दिवस. काशीद रस्त्यावर होमस्टे चालवणाऱ्या एक ताई चलनाचे पैसे बँकेच्या जुन्या नेट बँकिंगवरून भरत होत्या. 6:25 ला लाइट गेली आणि कॉम्प्युटर बंद पडला. पाच-सात मिनिटांनी लाइट आली. ताईंनी परत लॉगिन केलं, तर स्क्रीनवर 'User already logged in'. मग काय, घाबरून क्रोमची सगळी हिस्टरी उडवली, तरी तेच. मला फोन केला, "दादा, माझं खातं कोणी हॅक केलंय का?"

हॅक वगैरे काही नव्हतं. नेमकं काय होतं ते समजून घेऊ.

तुम्ही लॉगिन करता तेव्हा बँकेचा सर्व्हर त्याच्याकडे नोंद करतो की हा युजर आत आहे. त्या नोंदीचा नंबर तो तुमच्या ब्राउझरला देतो. हा नंबर कुकीमध्ये राहतो. लॉजवर रूम घेतल्यासारखंच आहे हे. रजिस्टर काउंटरवर, किल्ली तुमच्याकडे. लॉगआउट दाबलं म्हणजे चेकआउट. पण लाइट गेली किंवा टॅब बंद केला, तर काउंटरला कोणी सांगत नाही. रजिस्टरमध्ये तुम्ही अजून आतच. जुनी पोर्टल्स एका युजरला एकच सेशन देतात, म्हणून दुसऱ्यांदा आत घेत नाहीत.

आता लक्षात आलं ना, हिस्टरी आणि कुकीज उडवल्या की काय होतं? अडकलेली नोंद सर्व्हरवर तशीच राहते आणि तुमच्या हातातली किल्ली मात्र फेकली जाते. मग या क्रमाने करा:

1. जुन्या सेशनमध्ये परत जाता येतं का बघा. नुसता टॅब बंद झाला असेल तर Ctrl + Shift + T दाबा. ब्राउझर क्रॅश झाला असेल तर उघडल्यावर Restore विचारतो, ते दाबा. बऱ्याचदा कुकी परत मिळते आणि तुम्ही आत जाता. आत गेलात की पहिलं काम लॉगआउट, मग नवीन लॉगिन.

2. मेसेज नीट वाचा. काही पोर्टल्सवर तिथेच जुनं सेशन बंद करायचं बटण असतं. आयकराच्या पोर्टलवर दोन ठिकाणी लॉगिन झालं तर 'Login Here' येतं. ते दाबलं की जुनं सेशन संपतं.

3. मोबाईलवरून एकदा लॉगिन करून बघा. तिथेही तोच मेसेज आला तर अडचण सर्व्हरवर आहे. मोबाईलवर आत गेलात तर लॉगआउट करा आणि कॉम्प्युटरवर फक्त त्या साइटच्या कुकीज काढा. कुकीज काढायची वेळ ही, आधी नाही.

4. थांबा. वापर नसलेलं सेशन सर्व्हर ठरावीक वेळाने स्वतःच काढतो. एएसपी डॉट नेटवर मूळ सेटिंग 20 मिनिटांचं असतं, टॉमकॅटवर 30 मिनिटांचं. पोर्टलवाले ते बदलू शकतात. ही मिनिटं तुमच्या शेवटच्या क्लिकपासून मोजायची. तोवर सारखं सारखं लॉगिन करू नका, काही ठिकाणी त्याने युजर आयडीच लॉक होतो.

ताईंनी Restore नाकारलं होतं, हिस्टरीही गेली होती. म्हणजे थांबणं एवढंच उरलं. शेवटची क्लिक 6:25 ची. मी म्हटलं, "ताई, सातपर्यंत हात लावू नका." 7 वाजता एकदाच लॉगिन केलं, आत गेल्या.

पण लगेच पैसे भरू नका, हेही त्यांना सांगितलं. लाइट जायच्या आधी पेमेंट गेलं होतं की नाही, हे आधी बघायचं. बँकेचं स्टेटमेंट आणि जीएसटी पोर्टलवर त्या चलनाचं स्टेटस, दोन्ही तपासलं. पैसे कटलेच नव्हते. मग भरले आणि साडेसातच्या आत रिटर्न गेलं. उशीर झाला असता तर दिवसाला 50 रुपये लेट फी, वर थकलेल्या करावर 18 टक्क्यांनी व्याज. चुकून दोनदा भरले असते तर जादा पैसे कॅश लेजरमध्ये राहिले असते, पण ऐन सीझनबाहेर तेवढी रक्कम अडकलीच असती.

तासाभरानेही तोच मेसेज असेल तर मात्र हेल्पडेस्कला फोन करा. युजर आयडी, वेळ आणि स्क्रीनशॉट द्या, 'सेशन क्लिअर करा' असं सांगा. पासवर्ड किंवा ओटीपी द्यायचा नाही. कंपनीचं खातं असेल तर आधी तुमच्या अ‍ॅडमिन युजरला विचारा, काही बँकांत तोच सेशन काढू शकतो.

आणि लाइट गेली नाही, टॅब बंद केला नाही, तरीही हा मेसेज आला तर? मग ताईंची शंका खरी असू शकते. आत गेल्यावर 'Last login' ची वेळ बघा. ती तुमची नसेल, तर पासवर्ड लगेच बदला आणि बँकेला कळवा.