विकेट कुणाच्या नावावर? धावफलकातली अक्षरं वाचताना

आज हिशोबाचंच बोलायचंय, पण बचतीच्या वहीतला हिशोब नाही, क्रिकेटच्या धावफलकातला.

त्याचं कारण आधी सांगतो. मागच्या वर्षी आमच्या गटांनी मिळून गावातल्या मुलींचे टेनिस बॉलचे सामने भरवले. सर्वांत जास्त विकेट घेणाऱ्या मुलीला आमच्याकडून पाचशे रुपयांचं बक्षीस ठरलं. गटाची वही आम्ही चोख लिहितो, तेव्हा सामन्याची वहीही आमच्याकडेच आली. शेवटी बेरीज केली. एका मुलीच्या नावावर चार विकेट, दुसरीच्या नावावर तीन. पहिलीला पाकीट दिलं. दुसऱ्या दिवशी तीनवाली मुलगी घरी आली आणि शांतपणे म्हणाली, "काकू, तिच्या चारपैकी दोन तर रनआउट होत्या. त्या तिच्या कशा?"

तिचं बरोबर होतं, चूक आमची होती. गट पुन्हा बसला, तिलाही पाचशे रुपये दिले आणि वहीत दुरुस्ती केली. पहिलीकडून पाकीट परत घेतलं नाही, कारण तिने काही लबाडी केली नव्हती. मग मात्र ठरवलं, की ही अक्षरं नीट शिकायची.

शिकायला सामना घेतला तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. 2 नोव्हेंबर 2025, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, महिला विश्वचषकाची अंतिम लढत. भारताच्या 7 बाद 298 धावा झाल्या, दक्षिण आफ्रिका 246 धावांत सर्वबाद झाली आणि आपण 52 धावांनी जिंकलो. त्या सामन्याचा धावफलक मोबाइलवर उघडला की प्रत्येक फलंदाज बाईच्या नावापुढे दोन-चार अक्षरं दिसतात.

पहिलं अक्षर b. हरमनप्रीतच्या नावापुढे फक्त `b Mlaba` आहे. b एकटंच असलं की त्रिफळा उडाला, चेंडू यष्ट्यांवर गेला. विकेट म्लाबाची.

आता स्मृती मानधना, आपल्या सांगलीची. तिच्यापुढे `c Jafta b Tryon` आहे. c म्हणजे झेल. c पुढचं नाव झेल घेणारीचं, b पुढचं नाव चेंडू टाकणारीचं. म्हणजे इथे b चा अर्थ त्रिफळा नाही, नुसतं 'गोलंदाज कोण' एवढाच आहे. मराठी वर्तमानपत्रात हेच 'झे. जाफ्टा गो. ट्रायॉन' असं छापतात. 'गो.' लिहिल्यामुळे आपला गोंधळ कमी होतो. विकेट ट्रायॉनची. जाफ्टाच्या खात्यावर झेल जमा होतो, विकेट नाही.

चेंडू टाकणारीनेच झेल घेतला तर दोनदा नाव कशाला लिहायचं? तेव्हा `c & b` लिहितात. शफाली वर्माने सुने लूसला असंच बाद केलं, म्हणून लूसच्या नावापुढे `c & b Verma` आहे. आमच्यातल्या एका ताईंना आधी वाटलं होतं, की आधी झेल आणि मग त्रिफळा, असं दोनदा बाद केलं! तसं नाही. झेल आणि गोलंदाजी एकीचीच, एवढाच त्याचा अर्थ.

यानंतर lbw, म्हणजे पायचीत. अ‍ॅनेके बॉश शून्यावर गेली, तिच्यापुढे `lbw b Charani` आहे. चेंडू बॅटला न लागता पायाला लागला आणि पाय मध्ये नसता तर यष्ट्यांवर गेला असता, असं पंचांना वाटलं, तर पायचीत. पण पायाला लागला की बाद, असं नसतं. चेंडूचा टप्पा लेग स्टंपच्या बाहेर पडला असेल तर पायचीत देताच येत नाही. उजव्या हाताने खेळणारीच्या पाठीमागची बाजू ती लेगची बाजू. ऑफ स्टंपच्या बाहेर पाय असताना चेंडू लागला आणि तिने तो मनापासून खेळायचा प्रयत्न केला असेल, तरी बाद नाही. गावच्या सामन्यात सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात, कारण यष्ट्यांच्या रेषेत फक्त पंच उभा असतो. पायचीतची विकेट गोलंदाजाची.

`st` म्हणजे यष्टिचीत. फलंदाज क्रीजच्या पुढे गेली, चेंडू हुकला आणि यष्टिरक्षक मुलीने यष्ट्या उडवल्या. इथे दोन नावं येतात, आधी यष्टिरक्षकाचं आणि b नंतर गोलंदाजाचं. विकेट गोलंदाजाचीच धरतात.

आणि आमची चूक झाली ते `run out`. तझमिन ब्रिट्स 23 धावांवर धावबाद झाली. तिच्यापुढे `run out` आहे आणि कंसात अमनज्योतचं नाव, कारण फेक तिची होती. नीट बघा, या ओळीत b कुठेच नाही. हीच खूण. b नाही तर विकेट कुठल्याच गोलंदाजाच्या खात्यावर जात नाही. धावबाद करणं हे क्षेत्ररक्षकांचं काम.

आता ताळा करून बघू. दक्षिण आफ्रिकेच्या दहा जणी बाद झाल्या. दीप्ती शर्माच्या पाच, शफालीच्या दोन, श्री चरणीची एक. बेरीज आठ. मग दोन कुठे गेल्या? ब्रिट्स आणि खाका, दोघी धावबाद. आठ आणि दोन, दहा. हिशोब जुळला. आमच्या सामन्यात एवढा एक ताळा केला असता तर त्या मुलीला आमच्या दारात यावं लागलं नसतं.

आता अवांतर धावा. खाली कंसात `b 2, lb 3, wd 6, nb 1` असं काहीतरी असतं. इथल्या b चा बाद होण्याशी संबंध नाही. इथे तो बाय, म्हणजे बॅटला किंवा अंगाला न लागता गेलेल्या चेंडूवर पळून काढलेल्या धावा. lb म्हणजे लेगबाय, अंगाला लागून गेलेल्या चेंडूवरच्या. या दोन्ही गोलंदाजाच्या माथी मारत नाहीत. wd म्हणजे वाइड आणि nb म्हणजे नोबॉल. या दोन्ही तिच्याच चुका, म्हणून त्या धावा तिच्या खात्यावर चढतात. वरच्या बारापैकी सात तिच्या, पाच नाहीत. कुठे कुठे वाइडला नुसतं w लिहितात, पण षटकाच्या चौकोनात मोठा W असेल तर ती विकेट समजा.

वाइड आणि नोबॉल षटकाच्या सहा चेंडूंत मोजत नाहीत. वहीत एका षटकाची ओळ अशी आहे समजा:

`1 wd 0 nb 4 0 W 1`

आठ नोंदी आहेत. wd आणि nb सोडा, उरले सहा. षटक पूर्ण झालं. धावा: एक, वाइडची एक, नोबॉलची एक, चार आणि शेवटची एक, मिळून आठ. आणखी एक लक्षात ठेवा. नोबॉलवर त्रिफळा, झेल, पायचीत किंवा यष्टिचीत होत नाही, धावबाद मात्र होता येतं. त्यामुळे nb च्या चौकोनात गोलंदाजाच्या नावावर विकेट दिसली, तर लिहिणाऱ्याला लगेच विचारा.

यंदाच्या सामन्यांत वही पुन्हा आमच्याकडेच आहे. बक्षीस जाहीर करण्याआधी गोलंदाजांच्या विकेट आणि धावबाद यांची बेरीज बाद झालेल्यांच्या संख्येशी जुळवायची, असं ठरलंय. गटातली इतर कारणांची बादी क्वचितच येते, ती आली तर वेगळी लिहायची. आणि ताळा करायला त्या तीन विकेटवाल्या मुलीलाच बोलावलंय.