एकर चव्वेचाळीस गुंठ्यांचा का झाला?

पहिल्याच पानावर तांबड्या अक्षरांत तीन वाक्यं आहेत. ‘विहिरींचा लेअर योग्य जागी आहे. तो सरकलाय असं कुणी सांगितलं तरी हात लावू नका. आधी पान 4 वाचा.’

माण तालुक्यात पाणलोटाची कामं करणाऱ्या एका संस्थेतून जीआयएसचं काम बघणारी तरुणी नोकरी सोडून निघाली. जाताना तिने मागे अकरा पानांची टिपणी ठेवली. तिच्या जागी येणारा माणूस अजून ठरलेला नव्हता, त्यामुळे टिपणी कुणा अनोळखी माणसाला उद्देशून, ‘तुम्ही’ म्हणत लिहिलेली आहे. एरवी अशा वेळी एक पेन ड्राइव्ह, दोन पासवर्ड आणि ‘सगळं त्या फोल्डरमध्ये आहे’ एवढ्यावर कारभार आटोपतो.

फोल्डरमध्ये सगळं असतंच. जीआयएस म्हणजे नकाशा आणि तक्ता यांची जोडी. ओढे, रस्ते, गटांच्या हद्दी, विहिरी, शेततळी अशा एकेका विषयाचा एकेक पारदर्शक कागद करून ते एकमेकांवर ठेवावेत, तसे हे लेअर असतात. विहिरीवर टिचकी मारली की तिची खोली, मालकाचा गट नंबर आणि मे महिन्यातली पाण्याची पातळी समोर येते. या संस्थेकडे असे त्रेसष्ट लेअर होते. टिपणीत त्यांतल्या चौदांचीच सविस्तर नोंद आहे. उरलेले त्या चौदांतून केव्हाही नव्याने काढता येतात, असं एका ओळीत सांगून तिने ते सोडून दिले आहेत.

प्रत्येक लेअरपुढे चार गोष्टी लिहिल्या आहेत: तो कुठून आला, कुणी आणि केव्हा बदलला, कोणत्या प्रोजेक्शनमध्ये आहे आणि कशासाठी वापरू नये. चौथा रकाना सर्वांत उपयोगी पडतो. गटांच्या हद्दींपुढे तिथे लिहिलंय, ‘गाव नकाशा स्कॅन करून बसवलेला आहे. नियोजनाला चालेल. बांधावरून भांडण आलं तर हा नकाशा दाखवू नका, सरकारी मोजणी करून घ्यायला सांगा.’

आता पान 4.

विहिरींचा लेअर मुळात सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवरून उतरवलेला होता. त्या शीटच्या चार कोपऱ्यांवर अक्षांश-रेखांश छापलेले असतात. कुणीतरी ते आकडे टाइप केले, शीट स्क्रीनवर बसवली आणि संगणकाने ‘कोणत्या पद्धतीचे अक्षांश-रेखांश?’ असं विचारल्यावर नेहमीचं WGS 84 निवडलं. मोबाइलमधला जीपीएस याच पद्धतीने आकडे देतो. चूक झाली ती इथेच.

पृथ्वी अगदी गोल नाही. अक्षांश-रेखांश मोजायचे तर आधी तिचा एक गुळगुळीत, किंचित चपटा आकार मानावा लागतो आणि तो कुठे टेकवायचा हेही ठरवावं लागतं. जुन्या भारतीय नकाशांसाठी जॉर्ज एव्हरेस्टने 1830 मध्ये मांडलेला आकार घेतला होता आणि तो मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरशी जुळवलेला होता. WGS 84 चा आकार थोडा मोठा आहे आणि त्याचा मध्य पृथ्वीच्या केंद्राशी जुळवलेला आहे. त्यामुळे दोन्ही पद्धतींत एकाच विहिरीचे आकडे वेगळे येतात. जुने आकडे नवे समजून वापरले, तर माण तालुक्यातली विहीर नकाशावर खऱ्या जागेपासून सुमारे 140 मीटर आग्नेयेला जाऊन बसते. म्हणजे ओढ्याकाठची विहीर पलीकडच्या माळावर, शेजाऱ्याच्या गटात दिसते. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वांसाठी काढलेल्या नव्या शीट WGS 84 वर आहेत, पण कपाटांत आणि हार्ड डिस्कवर जुन्या भरपूर आहेत.

ही चूक ओळखली कशी, तेही टिपणीत आहे. तिने उपग्रह चित्रावर सहज सापडणारी आठ ठिकाणं घेतली: दोन देवळं, एक पूल, रस्त्याचे तिठे, पाझर तलावाच्या बांधाचं टोक. जुन्या शीटवरची तीच ठिकाणं शोधून दोन्हींतलं अंतर आणि दिशा मोजली. आठही ठिकाणं एकाच दिशेला आणि जवळपास सारखीच सरकलेली निघाली. तशी ती सरकली असतील, तर चुकीचं लेबल लागल्याचा संशय घ्यावा. प्रत्येक ठिकाण वेगळ्याच दिशेला गेलं असेल, तर शीट वेडीवाकडी बसली आहे किंवा उतरवणाऱ्याचा हात हलला आहे, आणि तिथे कुठलंही सूत्र कामाला येत नाही. सगळं काम पुन्हा करावं लागतं.

दुरुस्तीसाठी दिलेली आज्ञा तिने जशीच्या तशी उतरवून ठेवली आहे:

```
ogr2ogr -s_srs EPSG:4146 -t_srs EPSG:32643 -nln vihiri_utm vihiri_utm.gpkg vihiri_juni.shp
```

पहिला क्रमांक सांगतो की आकडे खरोखर जुन्या कल्याणपूर पद्धतीचे आहेत, फाइलवर काहीही लिहिलेलं असो. दुसरा सांगतो की ते मीटरमध्ये मोजणाऱ्या नव्या पद्धतीत नेऊन ठेव. या रूपांतरानंतरही दहा-वीस मीटरची शंका उरते, म्हणून चौथ्या रकान्यात लिहिलंय, ‘विहीर कोणत्या गटात आहे हे या लेअरवरून ठरवू नका, जागेवर जीपीएस घेऊन जा.’

मग पहिल्या पानावर तांबडी अक्षरं कशासाठी? दुरुस्ती होऊन गेली तरी जुनी फाइल सर्व्हरवरच राहिली आणि नावं सारखी. पुढे एका सहकाऱ्याला ‘टोपोशीटच्या विहिरी सरकलेल्या असतात’ एवढंच आठवलं आणि त्याने दुरुस्त केलेल्या लेअरवर तोच फरक पुन्हा लावला. विहिरी 140 मीटर वायव्येला गेल्या. ते कळेपर्यंत पावसाळ्यापूर्वीच्या पातळीची एक अख्खी फेरी चुकीच्या ठिकाणांच्या यादीवर निघाली. दोन दिवस पोरं विहिरी शोधत माळावर हिंडली.

क्यूजीआयएसमध्ये दोन पर्याय शेजारी-शेजारी असल्यासारखे वाटतात, त्यांच्यावरही तिने अर्धं पान खर्च केलं आहे. ‘असाइन प्रोजेक्शन’ फक्त लेबल बदलतं, ‘रीप्रोजेक्ट लेअर’ आकडे बदलतं. डब्यावर ‘साखर’ची चिठ्ठी असेल आणि आत मीठ असेल तर चिठ्ठी बदलावी, डबा रिकामा करायला जाऊ नये. आत खरोखर साखर असून पाक हवा असेल, तर चिठ्ठी बदलून तो होत नाही. कोणत्याही लेअरला हात लावण्याआधी आत काय आहे ते बघायला तिने एक छोटी आज्ञा दिली आहे:

```
ogrinfo -so vihiri_utm.gpkg vihiri_utm
```

उत्तरात Extent नावाची ओळ येते. तिथे 74 आणि 17 च्या आसपासचे आकडे दिसले तर ते अंश आहेत. सहा-सात आकडी मोठ्या संख्या दिसल्या तर मीटर. लेबल एक सांगतंय आणि आकडे दुसरंच, असं दिसलं की तिथेच थांबायचं.

स्क्रिप्टच्या भागात हीच गोष्ट गुंठ्यांच्या रूपाने परत येते. संस्था दर महिन्याला प्रत्येक गटाचं लागवडीखालचं क्षेत्र काढते. एकदा एका शेतकऱ्याने तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, ‘ताई, माझा एकर चव्वेचाळीस गुंठ्यांचा कसा?’

एकर चाळीस गुंठ्यांचा. वरचे चार गुंठे आले होते वेबवरच्या नकाशांच्या प्रोजेक्शनमधून. उपग्रह चित्र पाठीमागे लावायचं म्हणून कुणीतरी ते रिकाम्या प्रकल्पात पहिल्यांदा उघडलं, तेव्हा प्रकल्पाने चित्राचीच पद्धत, EPSG:3857, उचलली आणि पुढे गटांचा लेअरही त्याच पद्धतीत साठवला गेला. ही पद्धत विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितकी जमीन फुगवून दाखवते. माणच्या अक्षांशावर क्षेत्र सुमारे 11 टक्क्यांनी वाढतं, नागपूरला आणखी जास्त. नकाशा बघताना डोळ्याला काहीच खटकत नाही, कारण सगळंच सारखं फुगलेलं असतं. मोजमाप केलं की उघडं पडतं.

तेव्हापासून स्क्रिप्टमध्ये या दोन ओळी आहेत:

```
gdf = gdf.to_crs(32643)
gdf["gunthe"] = gdf.area / 101.17
```

एक गुंठा 101.17 चौरस मीटरचा. ‘पहिली ओळ अनावश्यक वाटेल, कारण लेअर आधीच त्या पद्धतीत असायला हवा. तरी काढू नका,’ असं शेजारी लिहिलेलं आहे.

32643 च का, याचंही कारण दिलं आहे. यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडतात. 72 ते 78 अंश पूर्व रेखांशांचा पट्टा 43 वा, त्यापुढचा 44 वा. माण पहिल्या पट्ट्यात आहे. पण संस्थेने नुकतंच यवतमाळमध्ये काम सुरू केलं आणि 78 अंशांची रेषा त्या जिल्ह्यातूनच जाते. जिल्ह्याचे दोन तुकडे करून दोन पद्धती वापराव्यात की एकच ताणावी? तिने एकच ताणली. पट्ट्याबाहेर गेल्यावर पूर्व टोकाला किलोमीटरमागे दोनेक मीटर जास्त येतात, क्षेत्रात अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक पडतो. गाव नकाशाच त्याहून ढिला असल्याने हे चालतं. पुढे कुणी चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत काम नेलं तर हा निर्णय बदलावा, असंही तिने नोंदवलं आहे.

बाकी सूचना छोट्या आहेत. गट नंबर असलेली सीएसव्ही फाइल थेट एक्सेलमध्ये उघडू नये, कारण 12/3 चा ‘12-Mar’ होतो आणि फाइल सेव्ह केली की गट नंबर गेला. शेपफाइलमध्ये रकान्याचं नाव देवनागरीत देऊ नये. तिथे नावाला दहाच बाइट मिळतात आणि युनिकोडमध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, त्यामुळे ‘गटक्रमांक’चा ‘गटक’ उरतो.

शेवटच्या पानावर कसोटीचं गाव दिलं आहे. त्या गावातला एक गट तिने टेप लावून, शेतकऱ्यासोबत बांधावर फिरून स्वतः मोजला होता: 63 गुंठे. नव्या माणसाने सगळं नव्या संगणकावर बसवलं की स्क्रिप्ट चालवून त्या गटाचा आकडा बघायचा. 62 ते 64 आला तर पुढे जायचं. 70 च्या आसपास आला तर कुठला तरी लेअर अजून 3857 मध्ये आहे.

अडीच महिन्यांनी नवा मुलगा रुजू झाला. तिसऱ्या दिवशी त्याने स्क्रिप्ट चालवली. आकडा आला 0.00. लेअर अंशांमध्ये होता आणि संगणक बदलताना to_crs ची ओळ असलेली स्क्रिप्ट मागे राहून तिची जुनी प्रत आली होती, म्हणून क्षेत्र चौरस अंशांत निघालं. त्याने योग्य प्रत शोधली, पुन्हा चालवली, 62.8 आला. मग त्याने शेवटच्या पानावर, 62, 64 आणि 70 च्या खाली, स्वतःच्या अक्षरात चौथी ओळ घातली: ‘शून्य आला तर लेअर अंशांत आहे. स्क्रिप्टची तारीख बघा.’