फांदी जिथे फुटते तिथे

बायनरी सर्च ट्री म्हणजे नोंदी क्रमाने लावून ठेवण्याची संगणकातली एक रचना. तिच्यातल्या प्रत्येक गाठीला नोड म्हणतात, आणि नोडवर एक क्रमांक असतो. नोडच्या डाव्या बाजूला लोंबणारे सगळे क्रमांक त्याच्यापेक्षा लहान, उजव्या बाजूचे सगळे मोठे. हा नियम सर्वांत वरच्या नोडला, म्हणजे रूटला लागू असतो, तसाच तो खालच्या प्रत्येक नोडलाही असतो. संगणकशास्त्रात हे झाड उलटे काढतात, मूळ वर आणि फांद्या खाली.

५२, २७, ८१, १४, ३९, ६६, ९३, ३३, ४५, ७० हे दहा क्रमांक याच क्रमाने एकेक करून घातले, तर झाड असे दिसते:

```
            ५२
         /      \
       २७        ८१
      /  \      /  \
    १४   ३९    ६६   ९३
        /  \     \
      ३३   ४५    ७०
```

एखाद्या नोडपासून रूटपर्यंत वर जाताना जे नोड लागतात ते त्याचे पूर्वज. इथे प्रत्येक नोडला स्वतःचाही पूर्वज मानण्याचा प्रघात आहे. दोन नोड घेतले की दोघांच्या वाटेवर येणारे काही पूर्वज सामाईक असतात. रूट तर नेहमीच असतो. त्यांतला सर्वांत खालचा, म्हणजे दोघांच्या सर्वांत जवळचा सामाईक पूर्वज कोणता, हा प्रश्न. ३३ आणि ४५ यांचा असा पूर्वज ३९ आहे, हे चित्रात लगेच दिसते. पण लाखो नोडच्या झाडाचे चित्र कोणी काढत नाही.

एखाद्या घराण्याच्या वंशावळीत दोन माणसांचा जवळचा सामाईक पूर्वज शोधायचा तर आधी ती दोन माणसे सापडली पाहिजेत, मग त्यांच्या बापजाद्यांची नावे वर वर नेत जुळवावी लागतात. वंशावळीत कोण कोणत्या शाखेत आहे हे नावावरून कळत नाही. सर्च ट्रीमध्ये मात्र क्रमांकच आपली दिशा सांगतो. त्यामुळे ते दोन नोड शोधण्याची गरज पडत नाही, वर चढण्याची नाही, आणि कुठे काही लिहून ठेवण्याचीही नाही.

रूटपासून निघायचे. दोन्ही क्रमांक समोरच्या नोडपेक्षा लहान असतील तर डावीकडे उतरायचे, दोन्ही मोठे असतील तर उजवीकडे. एक लहान आणि एक मोठा असेल, किंवा दोघांतला एक त्या नोडशी बरोबर जुळत असेल, तर थांबायचे. जिथे थांबलो तोच नोड उत्तर.

३३ आणि ४५ घेऊ. दोन्ही ५२ पेक्षा लहान, म्हणून डावीकडे २७ वर. दोन्ही २७ पेक्षा मोठे, म्हणून उजवीकडे ३९ वर. तिथे ३३ डावीकडे जायला हवा आणि ४५ उजवीकडे, म्हणून मुक्काम ३९. तीन नोड पाहून काम झाले, आणि त्यांत ३३ किंवा ४५ चा नोड एकदाही उघडला नाही. ६६ आणि ७० साठी वाट ५२ वरून ८१ आणि ८१ वरून ६६ अशी जाते. तिथे एक क्रमांक स्वतःच समोर येतो, म्हणून उत्तर ६६. ४५ आणि ६६ यांची ताटातूट रूटवरच होते.

हे बरोबर का, याचे कारण सरळ आहे. दोन्ही क्रमांक एकाच बाजूचे आहेत तोवर दोघांची वाट एकच असते, म्हणून वाटेतला प्रत्येक नोड दोघांचाही पूर्वज ठरतो. वाटा एकदा फुटल्या की डाव्या फांदीतला नोड मोठ्या क्रमांकाचा पूर्वज असू शकत नाही आणि उजव्या फांदीतला लहान क्रमांकाचा असू शकत नाही. मग फुटण्याच्या जागेखाली सामाईक असे काही उरतच नाही.

पायथॉनमध्ये हे एवढ्यात लिहून होते:

```python
def lca(node, a, b):
    if a > b:
        a, b = b, a
    while node:
        if b < node.key:
            node = node.left
        elif node.key < a:
            node = node.right
        else:
            return node
    return None
```

सुरुवातीची अदलाबदल वरवर फालतू वाटते, पण ती उपयोगाची आहे. `a` लहान आणि `b` मोठा हे एकदा ठरले की ‘दोन्ही लहान आहेत का’ यासाठी फक्त `b` कडे आणि ‘दोन्ही मोठे आहेत का’ यासाठी फक्त `a` कडे पाहिले तरी भागते. म्हणजे खरा प्रश्न एवढाच: रूटपासून खाली येताना `a` ते `b` या पट्ट्यात बसणारा पहिला नोड कोणता?

असे मांडले की आणखी एक गोष्ट हाती लागते. झाड साध्या पद्धतीने, नंतर कुठलीही फेररचना न करता वाढवलेले असेल, तर उत्तर म्हणजे त्या पट्ट्यातला सर्वांत आधी घातलेला क्रमांक. ३३ ते ४५ या पट्ट्यात ३३, ३९, ४५ हे तीन क्रमांक आहेत. त्यांत ३९ आधी आला, म्हणून उत्तर ३९. १४ ते ४५ मध्ये २७ आधी आला, उत्तर २७. पट्ट्यातला पहिला क्रमांक झाडात शिरताना त्याच्या वाटेवरचे सगळे नोड पट्ट्याबाहेरचे असतात. पट्ट्याबाहेरचा नोड पट्ट्यातल्या कोणालाही एकाच बाजूला पाठवतो. म्हणून पट्ट्यातले मागून येणारे सगळे त्याच वाटेने येतात आणि त्या पहिल्याच्या खाली जाऊन बसतात. तेच दहा क्रमांक ३३ ला ३९ च्या आधी ठेवून घातले असते, तर ३३ आणि ४५ चे उत्तर ३३ झाले असते. क्रमांक तेच, झाड वेगळे, पूर्वज वेगळा. झाडाचा तोल राखण्यासाठी नोड फिरवले, किंवा मधला एखादा नोड काढून टाकला, की आगमनाचा हा इतिहास पुसला जातो. शोधण्याची रीत मात्र तशीच चालते, कारण तिला फक्त क्रम लागतो.

आता ती फसते कुठे ते पाहू. ३० आणि ४८ हे दोन्ही क्रमांक वरच्या झाडात नाहीत. तरीही रीत ५२ वरून २७ वर आणि तिथून ३९ वर येते आणि ३९ हे उत्तर बिनदिक्कत देऊन मोकळी होते. ४० आणि ४४ विचारले तर ती ४५ च्या डावीकडे उतरते, तिथे काहीच नसते, आणि निदान रिकामे उत्तर तरी मिळते. पहिला प्रकार जास्त घातक, कारण चूक झाल्याची कुठलीच खूण दिसत नाही. क्रमांक झाडात असल्याची खात्री नसेल तर मिळालेल्या नोडपासून खाली दोन्ही क्रमांक स्वतंत्रपणे शोधून पाहावेत. रूटपासून पुन्हा सुरुवात करावी लागत नाही.

दुसरी फसगत हुशारीतून येते. ‘दोन्ही एकाच बाजूला आहेत का’ हे दोन वजाबाक्यांचा गुणाकार धन आहे का यावरून तपासण्याची एक युक्ती प्रचलित आहे. एका ओळीत मावते, दिसायला देखणी असते. पण नोडवर १,००,००० असेल आणि विचारलेले क्रमांक ४९,९९९ व ५०,००० असतील, तर फरक ५०,००१ आणि ५०,००० येतात. त्यांचा गुणाकार २,५०,००,५०,००० होतो. जावामधल्या साध्या पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही, त्यामुळे हा गुणाकार उलटून ऋण होतो आणि रीत चुकीच्या नोडवर थांबते. लहान आकड्यांवर घेतलेल्या चाचणीत हे कधीच दिसत नाही. त्यापेक्षा साध्या तुलना बऱ्या.

तिसरी चूक मराठी मजकुराच्या बाबतीत सहज घडते. झाडात क्रमांकांऐवजी शब्द असले तरी रीत तीच, मात्र झाड ज्या क्रमाने बांधले त्याच क्रमाने तुलना झाली पाहिजे. मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ ही अक्षरे ह नंतर येतात. युनिकोडमध्ये ळ चा क्रमांक ल आणि व यांच्या मध्ये आहे, आणि क्ष हे क पासून सुरू होणारे जोडाक्षर म्हणून साठवले जाते. समजा, वर्णमालेच्या क्रमाने बांधलेल्या झाडात रूटवर ‘मन’ आहे, त्याच्या उजवीकडे ‘हवा’ आणि ‘हवा’च्या उजवीकडे ‘क्षमा’. ‘हवा’ आणि ‘क्षमा’ यांचा जवळचा सामाईक पूर्वज ‘हवा’ आहे. पण शोधताना तुलना नुसत्या युनिकोड क्रमांकांवर केली, तर ‘क्षमा’ हा शब्द ‘मन’च्या आधीचा ठरतो, दोन्ही शब्द रूटवरच फुटल्यासारखे वाटतात आणि उत्तर ‘मन’ येते.

वेळेचा हिशेब झाडाच्या उंचीवर ठरतो, कारण प्रत्येक पायरीला एक पातळी खाली उतरायचे असते. वरचेच दहा क्रमांक लहानाकडून मोठ्याकडे या क्रमाने घातले तर झाडाऐवजी एक लांब साखळी तयार होते आणि ८१ व ९३ यांच्यासाठी नऊ नोड पाहावे लागतात. आपल्या झाडात दोनच पुरतात. दहा लाख क्रमांकांच्या नीट भरलेल्या झाडाला सुमारे २० पातळ्या असतात. साखळीला दहा लाख. म्हणून प्रत्यक्ष वापरात स्वतःचा तोल सांभाळणारी झाडे घेतात. सोव्हिएत गणितज्ञ अडेल्सन-वेल्स्की आणि लांडिस यांनी १९६२ मध्ये मांडलेले एव्हीएल झाड त्यांतले पहिले. त्याची उंची सर्वोत्तम उंचीच्या साधारण १.४४ पटीच्या आत राहते, म्हणजे दहा लाखांसाठी तीसहून कमी पातळ्या.

या फुटण्याच्या जागेचा रोजचा उपयोग होतो तो ‘इथपासून इथपर्यंतच्या’ नोंदी काढताना. ३३ ते ७० मधल्या नोंदी हव्या असतील तर आधी ५२ हा फुटण्याचा नोड सापडतो. तिथून डावीकडे ३३ च्या दिशेने उतरताना २७ पट्ट्याबाहेरचा म्हणून सोडायचा, आणि त्याच्या डावीकडचे सगळेही सोडायचे. ३९ पट्ट्यात आहे, म्हणून तो आणि त्याची उजवी फांदी न तपासता घ्यायची, मग ३३ घ्यायचा. उजवीकडे ७० च्या दिशेने जाताना ८१ आणि त्याच्या उजवीकडचे सोडायचे, ६६ आणि ७० घ्यायचे. प्रत्येक नोडवर त्याच्या फांदीतल्या नोंदींची संख्या आधीच लिहून ठेवली असेल, तर ३९ खालची उजवी फांदी उघडण्याचीही गरज नाही, तिथला १ हा आकडा नुसता बेरजेत धरायचा. एकूण सहा नोंदी.