बिलावरचे वजन नेमके कोणते?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगलेच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही फाउंड्रीत लेखा विभागाच्या टेबलावर येणारे कागद एकसारखे नसतात. पिग आयर्नचे बिल संगणकावर छापलेले आणि नीटस असते. मशीनिंगच्या जॉबवर्कचे बिल उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या छापील बिलबुकात हाताने लिहिलेले असते. स्क्रॅपच्या बिलाला तर वजनकाट्याची पावती टाचलेली असते आणि त्यावर स्टोअरकीपरने पेनाने काहीतरी मांडलेले असते. हे कागद मोबाइलने टिपून, चित्र वाचणाऱ्या मॉडेलकडून त्यातले आकडे काढून घेणे आता अवघड राहिलेले नाही. आज आणि पुढच्या महिन्यात, या पुरवठादाराचे आणि त्या पुरवठादाराचे बिल एकाच नियमाने वाचले जाईल याची खात्री मिळवणे मात्र कष्टाचे आहे. अक्षर ओळखण्यापाशी गाडी क्वचितच अडते. ‘वजन’ म्हणजे कोणते वजन, हे कुणी लिहून ठेवलेले नसते, तिथे ती अडते.

नमुन्यादाखल स्क्रॅपचे एक बिल घेऊ. आकडे माझे आहेत, मांडणी मात्र रोज दिसणारी. काटा पावतीवर भरलेल्या गाडीचे वजन १४,८२० किलो, रिकाम्या गाडीचे ५,३४० आणि निव्वळ ९,४८०. बिलात ९,४८० किलो, दर ३६ रुपये, म्हणजे ३,४१,२८० रुपये. त्यावर ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी, प्रत्येकी ३०,७१५ रुपये २० पैसे. चाळीस पैसे सोडून एकूण ४,०२,७१० रुपये. आणि समासात निळ्या पेनाने ‘कट ८०’, कारण मालात माती निघाली.

मॉडेलला नुसते ‘वजन काढ’ असे सांगितले तर या एका कागदावर चार उत्तरे शक्य आहेत: १४,८२०, ९,४८०, ८० वजा करून ९,४०० किंवा टनात ९.४८. प्रत्येक उत्तराला कागदावर आधार आहे. त्यामुळे ते एकदा हे देते, एकदा ते. माणसांचेही असेच होते. म्हणून मॉडेलला हात लावण्याआधीची पहिली चाचणी माणसांवर करावी. हिशेबनीस आणि स्टोअरकीपर यांना वेगवेगळे बसवून तीच बिले भरायला द्यावीत. जिथे दोघांची उत्तरे जुळत नाहीत, तिथे व्याख्याच अपुरी आहे आणि मॉडेल बदलून ती पुरी होणार नाही.

वरच्या बिलासाठी व्याख्या अशी लिहिता येते:

```
bill_weight: दराच्या ओळीतले छापील वजन, दिसते तसे.
  काटा पावतीवरचे वजन इथे घेऊ नये.
  वजन नसेल तर null.
weight_unit: त्या वजनाचे एकक, कागदावर असेल तेच.
cut_weight: पेनाने लिहिलेली कपात (कट, माती, घट).
  नसेल तर null. bill_weight मधून वजा करू नये.
```

यातला ‘दिसते तसे’ हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मॉडेलने फक्त वाचावे. टनाचे किलो करणे, कट वजा करणे, रक्कम पूर्णांकात आणणे ही कामे नंतर साध्या प्रोग्रामने करावीत. वाचन आणि गणित एकाच वेळी करायला लावले की चुकीचा आकडा गणितात विरघळून जातो आणि मूळ चूक कुठे झाली ते सापडत नाही. काटा पावतीवरचे तीन आकडेही म्हणूनच वेगळ्या रकान्यांत घ्यावेत. पावती हाताने, देवनागरी अंकांत लिहिलेली असेल तर ‘१’ हा इंग्रजी 9 म्हणून वाचला जाण्याचा धोका असतो. मग १४,८२० चे ९४,८२० होतात. त्यातून ५,३४० वजा केले की ८९,४८० येतात, निव्वळ वजनाशी ते जुळत नाहीत आणि चूक तिथेच पकडली जाते. रकमेपुढच्या ‘/-’ मधली तिरकी रेघही कधी 1 होऊन आकड्याला चिकटते. तीही वजन गुणिले दर या ताळ्यात सापडते.

null आणि शून्य यांतला फरकही व्याख्येतच ठरवावा लागतो. कोल्हापूर सीमेजवळ असल्याने याला इथे विशेष अर्थ आहे. महाराष्ट्रातल्या पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो, निपाणी-बेळगावच्या पुरवठादाराचा २९ ने. निपाणीहून कोल्हापुरात आलेल्या मालावर एकच आयजीएसटी लागतो, सीजीएसटी-एसजीएसटीच्या जागा कोऱ्या राहतात. त्या जागी शून्य लिहिले तर ‘कर शून्य छापला होता’ आणि ‘रकानाच नव्हता’ यांत भेद उरत नाही. बिलावर क्रमांकही दोन असतात, विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. विकणाऱ्याचा क्रमांक नुसत्या शिक्क्यात, तळाशी असला की अदलाबदल होते. उपाय सोपा आहे. आपल्या फाउंड्रीचा क्रमांक व्याख्येत लिहून द्यावा आणि ‘हा सोडून दुसरा’ असे सांगावे. पंधरा अक्षरांतले शेवटचे अक्षर आधीच्या चौदांवरून काढलेले असते, त्यामुळे एखादे अक्षर चुकले तर तेही तपासता येते.

व्याख्येनंतर सोडवलेली उदाहरणे येतात: बिलाचे चित्र आणि त्याचे अचूक भरलेले उत्तर, जोडीने. वरच्या बिलाचे उत्तर असे:

```
{"bill_weight": "9,480", "weight_unit": "KG",
 "cut_weight": "80", "rate": "36.00",
 "igst": null, "total": "4,02,710.00"}
```

उदाहरणे निवडताना नीटस बिले घेण्याचा मोह होतो. पण ती मॉडेल तशीही बरोबर वाचते. जिथे निर्णय करावा लागतो अशीच बिले घ्यावीत. या कामाला मी तीन घेईन: वरचे कट असलेले स्क्रॅपचे, जॉबवर्कचे, ज्यात मोजणी नगांवर असते आणि म्हणून `bill_weight` पुढे null येतो, आणि निपाणीचे आयजीएसटीवाले. null असलेले एकही उदाहरण नसेल तर मॉडेल प्रत्येक रकाना कसातरी भरू पाहते आणि नगांचा आकडा वजनात जाऊन बसतो. तिन्ही उदाहरणे एकाच पुरवठादाराची असतील तर त्याच्या बिलावरच्या जागा पाठ होतात. उदाहरणातला बिल क्रमांक किंवा दर भलत्याच बिलाच्या उत्तरात उमटला, तर मॉडेल कागद न वाचता नक्कल करते आहे असे समजावे. उत्तरांतली प्रत्येक किंमत उदाहरणांतल्या किमतींशी ताडून पाहणारी तपासणी म्हणून कायम चालू ठेवावी.

फाउंड्रीसाठी लिहिलेली व्याख्या शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या पट्टीला लावली तर ती मोडते. अडत्या शेतकऱ्याला पट्टी देतो तेव्हा विक्रीची रक्कम वर असते. त्यातून हमाली, तोलाई, भाडे, आधी घेतलेली उचल असे खर्च वजा होत तळाशी हाती येणारी रक्कम उरते. बिलात बेरीज होत जाते, पट्टीत वजाबाकी. तिथे `total` हे नावच दिशाभूल करते. `gross_sale` आणि `net_payable` असे दोन रकाने करून ‘कोण कोणाला देणार’ हे व्याख्येत लिहावे लागते. कागदाचा प्रकार आधी ओळखून मग त्याच्या व्याख्या लावणे हाच यावरचा मार्ग. सगळ्या कागदांना पुरेल अशी एकच लांब व्याख्या लिहिली की तिच्यातली कलमे एकमेकांना छेद देतात.

उदाहरणांत न वापरलेली बिले चाचणीसाठी बाजूला ठेवावीत आणि त्यांतले प्रत्येक बिल तीनदा टिपावे: सरळ, तिरके आणि कमी उजेडात. तिन्ही उत्तरे सारखी आणि बरोबर असली तर व्याख्या टिकली. तिन्ही सारखी पण चूक असली तर बहुधा व्याख्येत दोष आहे. तिन्ही वेगळी आली तर आधी फोटो नीट पाहावा आणि मग त्या रकान्याची व्याख्या पुन्हा वाचावी. व्याख्येत एक शब्द बदलला तरी ही सगळी बिले पुन्हा चालवावीत, कारण `cut_weight` सुधारताना `bill_weight` बिघडू शकते.

पसरलेली शाई, कार्बनची तिसरी प्रत, घडीवर आलेला आकडा यांना व्याख्या पुरत नाही. अशा रकान्यात ‘वाचता येत नाही’ असे उत्तर देण्याची मुभा व्याख्येतच असावी आणि ते बिल थेट हिशेबनिसाकडे जावे. आणि या व्याख्या सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यावर सोडू नयेत. ‘कट ८०’ कोणी लिहिले, का लिहिले आणि पैसे कोणत्या वजनाचे द्यायचे, हे ज्याला ठाऊक आहे त्या स्टोअरकीपरला आणि हिशेबनिसाला शेजारी बसवून त्या त्यांच्याच मराठीत लिहून घ्याव्यात.